सहा हजार मीटर की सहा हजार एकोणऐंशी? खोल समुद्रातले आवळलेले पाणी

(वाशिम येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन आहे. बोलण्यातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

वाशिममध्ये समुद्रावर बोलायचं म्हटल्यावर सकाळी एका मित्रानं विचारलं, "इथून समुद्र किती लांब, माहीत आहे ना?" माहीत आहे. पण विहीर तर आपल्या सगळ्यांची आहे, म्हणून विहिरीपासूनच सुरुवात करू.

विहिरीत पाणी किती आहे हे आपण कसं बघतो? दोराला दगड बांधतो, सोडतो, तळ लागला की दोर ओढून ओला भाग मोजतो. किती हात पाणी, ते लगेच कळतं. आता समजा दोर नाही, पण तळाशी दाब मोजणारं एक यंत्र ठेवलेलं आहे. तरीही खोली काढता येते. शाळेतलं सूत्र आठवा:

p = ρ g z

दाब म्हणजे पाण्याची घनता, गुणिले गुरुत्वत्वरण, गुणिले खोली. दाब मोजला, त्याला घनता आणि गुरुत्वत्वरणानं भागलं, की खोली हातात. समुद्रात पाणबुडी यान खाली जातं तेव्हा त्याला दोर बांधून मोजत नाहीत. यान दाब मोजतं आणि दाबावरून खोली सांगतं. पडद्यावर "६००० मीटर" असं दिसतं तेव्हा ते खरं म्हणजे मोजलेलं नसतं, हिशोब करून काढलेलं असतं.

आजचा विषय हा हिशोबच आहे. शाळेतलं सूत्र खोल समुद्रात थोडं चुकतं. ते किती चुकतं, का चुकतं आणि दुरुस्त कसं करायचं, एवढंच आज बघू.

आपल्या देशाचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. १९८१ साली प्रजासत्ताकदिनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजानं खोल समुद्राच्या तळावरून मँगनीजयुक्त खडे वर काढले. हिंदी महासागराच्या मध्यभागी, पाच हजार मीटर आणि त्याहून खोल तळावर असे खडे पसरलेले आहेत. तिथे माणसं पाठवण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत 'मत्स्य ६०००' हे यान तयार होतंय. तीन माणसं बसतील असा टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा, व्यास सुमारे २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर जाड. नावातला ६००० हा मीटरचा आकडा आहे. आपण याच आकड्यावर काम करू.

साधा हिशोब

समुद्राचं खारं, थंड पाणी घ्या. वरच्या दाबाला त्याची घनता दर घनमीटरला १०२८ किलो. गुरुत्वत्वरण ९.८ धरू. ६००० मीटरला गुणाकार केला की ६०४.५ बार येतात. बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब. म्हणजे दर दहा मीटरला एक बार हा जो ढोबळ नियम आपण ऐकतो, तो यातूनच येतो.

या हिशोबात एक गोष्ट आपण न सांगता गृहीत धरली आहे. वरपासून खालपर्यंत घनता १०२८ च आहे, असं. पण सहाशे बार दाबाखाली पाणी तसंच राहील का?

पाणी दबतं, पण किती?

पाणी दबत नाही, असं आपण म्हणतो. पिचकारीच्या तोंडावर बोट ठेवून दट्ट्या दाबा, आत जात नाही. पण "दबत नाही" याचा अर्थ "फार कमी दबतं" एवढाच. किती कमी, ते सांगणारी संख्या म्हणजे बल्क मॉड्युलस. मराठी पुस्तकात त्याला आकारमान स्थितिस्थापकता गुणांक म्हणतात. मी आपला K म्हणतो.

K म्हणजे काय ते टँकरवरून समजून घेऊ. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर सगळ्यांना ओळखीचा असतो. समजा २४ हजार लिटरचा मोठा टँकर काठोकाठ भरलेला आहे. त्यातल्या पाण्यावर एक बार जादा दाब दिला, तर ते साधारण एक लिटरनं आवळतं. चोवीस हजारात एक. आणखी एक बार दिला, आणखी एक लिटर. म्हणजे या पाण्याचा K झाला २४ हजार बार.

विहिरीत याचा काही फरक पडत नाही. पंधरा मीटर पाणी असेल तर तळाशी दीड बार. दाबावरून काढलेल्या खोलीत या आवळण्यामुळे चूक येईल ती अर्धा मिलिमीटर. दोराला गाठ मारताना याहून जास्त चूक होते. म्हणून शाळेत हे शिकवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पण टँकर सहा हजार मीटर खाली नेला तर? सहाशे बार. चोवीस हजारातले सहाशे लिटर गेले. म्हणजे अडीच टक्के. वजन तेवढंच, जागा कमी, म्हणजे घनता वाढली. १०२८ ची १०५५ च्या जवळपास झाली. दर घनमीटरमागे २७ किलो पाणी जास्त बसलं.

गाडी कुठे अडते

आता अडचण लक्षात येते का बघा. दाब काढायला घनता पाहिजे. पण घनता दाबावर अवलंबून आहे. मग आधी काय काढायचं?

यावर उपाय असा की फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत साधं सूत्र वापरून ६०४.५ बार घेऊ. चोवीस हजारानं भागलं, २.५२ टक्के आकारमान घटलं. म्हणजे तळाची घनता १०२८ भागिले ०.९७४८, म्हणजे १०५४.६.

इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ते म्हणतात, घनता १०५४.६ झाली ना, मग हीच घेऊन पूर्ण सहा हजार मीटरला गुणा. थांबा. १०५४.६ ही फक्त तळाची घनता आहे. वरच्या मीटरला ती १०२८ च आहे, आणि मधे हळूहळू वाढत जाते. पूर्ण स्तंभाचं वजन काढायचं तर सरासरी घ्यावी लागेल. वर १०२८, खाली १०५४.६, सरासरी १०४१.३. गुणाकार केला की ६१२.३ बार.

आता दुसरी फेरी. दाब ६१२.३ धरला तर तळाची घनता १०५४.९, सरासरी १०४१.५, आणि दाब ६१२.४. पहिल्या फेरीत आकडा जवळजवळ आठ बारांनी हलला होता, दुसऱ्या फेरीत फक्त ०.१ नं. तिसरी फेरी मारायची गरज नाही.

म्हणजे सहा हजार मीटरवर खरा दाब ६१२.४ बार आहे, साध्या सूत्रातला ६०४.५ नाही. फरक सव्वा टक्क्याचा. पाणी अडीच टक्के आवळलं, पण दाब सव्वा टक्काच वाढला, कारण सरासरी घेतल्यामुळे निम्मा झाला. सूत्रात जो २ येतो तो हाच. दाबावरून खोली काढायचं दुरुस्त सूत्र असं:

z = (p / ρ₀g) × (1 − p / 2K)

पहिला कंस म्हणजे शाळेतलं सूत्र. दुसरा कंस म्हणजे दुरुस्ती. ρ₀ ही वरच्या दाबाची घनता.

आता यानातल्या माणसाच्या बाजूनं बघा. त्याच्या यंत्रावर ६१२.४ बार दाब आहे. साधं सूत्र वापरलं तर पडद्यावर येईल ६०७९ मीटर. दुरुस्ती लावली तर ६००१. आणि खरी खोली ६०००. एका मीटरचा फरक राहिला, कारण आपलं सूत्र थोडं ढोबळ आहे. पण ७९ मीटरची चूक एका मीटरवर आली.

आणि ही चूक सरळ रेषेत वाढत नाही. खोली दुप्पट झाली की चूक चौपट होते. शंभर मीटरवर ती दोन सेंटिमीटर. पाचशे मीटरवर अर्धा मीटर. तीन हजारावर वीस मीटर. सहा हजारावर ७९. म्हणून किनाऱ्याजवळ काम करणाऱ्या माणसाला ती कधी जाणवतच नाही, आणि खोल जाणाऱ्याला ती टाळता येत नाही.

प्रत्यक्षात घडलेली गोष्ट

हे फक्त फळ्यावरचं नाही. २३ जानेवारी १९६० ला जॅक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघं 'त्रिएस्त' या यानातून प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी पोहोचले. जगातली सर्वांत खोल जागा. यंत्रावर खोली आली ३७,८०० फूट, म्हणजे ११,५२१ मीटर. पुढे ती दुरुस्त करून १०,९१६ मीटर झाली. सहाशे मीटर कमी! सहाशे मीटर गेले कुठे?

काटा गोड्या पाण्याच्या हिशोबानं आखलेला होता. आपण आत्ताच शिकलेल्या पद्धतीनं हे जुळतं का, करून बघू. हे मला स्वतःला फार आवडतं, कारण सगळी उत्तरं आपल्याच हातात आहेत.

गोड्या पाण्याची घनता १०००. काटा ११,५२१ मीटर म्हणतो, म्हणजे दाब ११२९ बार. हा दाब खरा मानू. आता पाणी खारं आहे, १०२८ चं. जड पाण्याला तोच दाब द्यायला कमी उंची लागते. भागाकार केला की ११,२०७ मीटर. म्हणजे नुसत्या मिठामुळे आणि थंडीमुळे ३१४ मीटर गेले.

आता आवळणं. इथे K जरा मोठा घ्यावा लागेल, २५ हजार बार. का ते लगेच सांगतो. ११२९ भागिले ५० हजार, म्हणजे २.२६ टक्के. ११,२०७ चे २.२६ टक्के म्हणजे २५३ मीटर. ते वजा केले, राहिले १०,९५४.

मान्य झालेला आकडा १०,९१६. आपण एका कागदावर, दोन पायऱ्यांत, ४० मीटरच्या आत आलो. उरलेल्या फरकात काट्याची स्वतःची अचूकता, पाण्याचं बदलतं तापमान, आपला ढोबळ K, सगळं आलं. पण सहाशे मीटर कुठे गेले ते कळलं: निम्म्याहून थोडे जास्त मिठात, बाकीचे आवळण्यात.

K सुद्धा स्थिर नाही

आता K बदलला का, ते सांगतो. पाणी जितकं आवळावं तितकं ते आणखी आवळायला कुरकुर करतं. रुमालानं भरलेल्या बॅगेत आणखी रुमाल कोंबताना पहिले सहज जातात, शेवटचे जात नाहीत, तसं. पाच अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्याचा K वरच्या दाबाला २२ हजार बारच्या आसपास असतो. पण शून्यापासून हजार बारपर्यंतची सरासरी काढली तर तो साडेपंचवीस हजाराच्या वर जातो. म्हणून सहा हजार मीटरला मी २४ हजार घेतला, आणि अकरा हजार मीटरला २५ हजार.

समजा कोणी वरचाच २२ हजार घेऊन सहा हजार मीटरला दुरुस्ती केली, तर काय होईल? दुरुस्ती जास्त होईल, आणि खोली सात-आठ मीटर कमी दिसेल. दुरुस्ती न करण्यापेक्षा बरं, पण काम अजून अर्धवटच.

समुद्रशास्त्रज्ञ म्हणूनच एवढ्यावर थांबत नाहीत. युनेस्कोनं १९८० च्या सुमारास समुद्राच्या पाण्याचं एक मोठं अवस्था-समीकरण मान्य केलं. त्यात तापमान, क्षार आणि दाब तिन्ही टाकले की घनता मिळते. २०१० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. दाबावरून खोली काढायचं प्रमाण सूत्रही आहे आणि त्यात अक्षांशही लागतो, कारण विषुववृत्ताजवळ गुरुत्व थोडं कमी. हे सूत्र तुमच्या संगणकात बरोबर लिहिलं गेलंय का, हे तपासायला एक ठरलेला आकडा दिलेला आहे: ३० अंश अक्षांशावर १०,००० डेसिबार दाब असेल तर उत्तर ९७१२.६५३ मीटर आलं पाहिजे. डेसिबार म्हणजे बारचा दहावा भाग. आपलं कागदावरचं सूत्र इथे ९७२७ देतं. पंधरा मीटर चुकतं. घरच्या हिशोबाला चालेल, यानाला चालणार नाही.

चुकतंय हे समुद्रावर कळतं कसं? दुसऱ्या मार्गानं मोजून. जहाज तळाकडे आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीवरून खोली काढतं. दाबावरची खोली, त्यात यानापासून तळापर्यंतचं अंतर मिळवलं, की जहाजाच्या आकड्याशी जुळायला पाहिजे. फरक खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असेल तर समजावं, आवळण्याची दुरुस्ती राहिली. फरक सरळ प्रमाणात वाढत असेल तर घनता किंवा गुरुत्व चुकीचं घेतलंय. आणि फरक सगळीकडे सारखाच असेल तर यंत्राचं शून्य सरकलंय. चुकीचा आकार बघितला की चूक कुठली ते कळतं.

गोळ्यावर काय होतं

शेवटचा मुद्दा यानातल्या माणसांचा. खाली पाणी जड झालं म्हणजे ते यानाला जास्त जोरानं वर ढकलतं. टायटॅनियमच्या गोळ्याचं बाहेरचं आकारमान हिशोबापुरतं साडेपाच घनमीटर धरू. दर घनमीटरला २७ किलो जादा, म्हणजे सुमारे १५० किलो जास्त उचल. पण गोळाही दाबाखाली थोडा आवळतो. टायटॅनियमचा कणखरपणा आणि भिंतीची जाडी धरून हिशोब केला तर आकारमान पाऊण टक्क्यापेक्षा थोडं कमी घटतं, आणि त्यानं ४० किलोच्या आसपास उचल कमी होते. तरी शंभरेक किलो शिल्लक राहते. पाणी अडीच टक्के आवळतं आणि पोकळ गोळा पाऊण टक्का, म्हणून गोळा खाली जाता जाता पाण्याच्या मानानं हलका होत जातो.

वर बंदरात यान तोलून घेतलं आणि हे विसरलं, तर तळाशी ते तेवढ्यानं वर यायला बघेल. म्हणून खालच्या पाण्यासाठी वजनाचा हिशोब आधीच करून ठेवावा लागतो. हवेत तोलताना हे कुणाला दिसणारच नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, खाली पाणी जड होत जातं म्हणता, मंग बुडालेलं जहाज मधातच अडकून राहत असंल ना? आमचे आजोबा असंच सांगायचे.*

आजोबांसारखं अनेकांना वाटतं, आणि विचार चुकीच्या दिशेचा नाही. दोन गोष्टींची तुलना केली की उत्तर मिळतं. सर्वांत खोल जागीसुद्धा पाण्याची घनता १०७५ च्या पुढे जात नाही. लोखंडाची घनता ७८००. मधे अडकायचं तर पाणी सातपटीनं आवळायला हवं, आणि ते चार-साडेचार टक्केच आवळतं. त्यामुळे लोखंडी जहाज तळापर्यंतच जातं. पण एखादी वस्तू पाण्यापेक्षा फक्त एक टक्का जड असेल आणि स्वतः फारशी आवळत नसेल, तर ती खरंच मधे तरंगेल. समुद्रात मधल्या थरात तरंगत राहून मोजमाप करणारी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. आजोबांचं म्हणणं जहाजाला लागू नाही, त्यांना लागू आहे.

*प्रश्न : पाणी अजिबात दबलं नसतं तर काय झालं असतं?*

छान प्रश्न. समुद्राची सरासरी खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे. आपलं सूत्र लावा: खोलीच्या वर्गाला ρ₀g नं गुणा आणि 2K नं भागा. K २३ हजार घेतला तर तीस मीटर येतात. खोल भागात हे वर्गानं वाढतं, म्हणून खरा आकडा त्याहून थोडा जास्त. म्हणजे सगळ्या समुद्रांचं पाणी स्वतःच्याच वजनानं आवळलं आहे म्हणून समुद्राची पातळी तीस मीटरहून अधिक खाली आहे. आवळलं नसतं तर चर्चगेटपासून दादरपर्यंत सखल मुंबई पाण्याखाली असती. वाशिमला काही फरक पडला नसता. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत.